दोन तक्ते, वेगवेगळी हेडिंग्ज: एकत्र कसे करायचे आणि न जुळणारे कॉलम कसे ओळखू येतील असे ठेवायचे

एका दूध संस्थेची दोन संकलन केंद्रं आहेत. दोन्हीकडून दर दहा दिवसांनी एकेक फाइल येते आणि सचिवांना त्यांचा एकच तक्ता हवा असतो. अडचण एवढीच की दोन केंद्रांत दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वेळी आपापली फाइल बनवली. एकात ‘तारीख’ आहे, दुसऱ्यात ‘दिनांक’. एकात ‘लिटर’ आहे, दुसऱ्यात ‘वजन (किलो)’. शिवाय दुसऱ्यात ‘कपात’ नावाचा कॉलम आहे आणि पहिल्यात तो मुळीच नाही.

अशा वेळी बहुतेक जण दुसऱ्या फाइलमधले कॉलम हाताने पुढेमागे सरकवतात आणि पहिल्या फाइलच्या खाली चिकटवतात. एकदा चालतं. दहा दिवसांनी तेच पुन्हा करायचं, आणि कुठला कॉलम कुठे गेला होता याची नोंद कुठेच नसते. खाली दिलेल्या पद्धतीत जुळणी एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवायची असते. कोणतं हेडिंग कोणाशी जोडलं, कोणतं एकटं राहिलं, हे त्या शीटवर कुणालाही वाचता येतं. फॉर्म्युले त्या शीटकडे बघून तक्ता भरतात.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. इथे आपण एका तक्त्याच्या ओळी दुसऱ्याच्या ओळींखाली रचतो आहोत. सभासद क्रमांक शोधून त्याच्या शेजारी दुसऱ्या तक्त्यातली माहिती आणून बसवणं, म्हणजे लोक `VLOOKUP` ने करतात ते, हे वेगळं काम आहे.

खालचे फॉर्म्युले गूगल शीट्समध्ये आणि एक्सेल २०२१ किंवा ३६५ मध्ये चालतात. त्याआधीच्या एक्सेलमध्ये `LET` नाही. तिथे काय करायचं ते त्या पायरीवर सांगतो.

पायरी १: चार शीट

एका नव्या फाइलमध्ये चार शीट तयार करा: `Ek`, `Don`, `Julni` आणि `Ekatra`. पहिल्या केंद्राचा तक्ता `Ek` मध्ये आणि दुसऱ्याचा `Don` मध्ये चिकटवा. मूळ फाइलींना हात लावू नका.

दोन्ही शीटवर हेडिंग पहिल्याच ओळीत आणि एकाच ओळीत हवीत. वर संस्थेचं नाव लिहिलेली ओळ असेल तर ती काढा. जोडलेले सेल असतील तर ते मोकळे करा. आणि तक्त्याच्या तळाशी बेरजेची ओळ असेल तर ती नक्की काढा. ही ओळ राहिली तर ती एका सभासदाच्या नोंदीसारखी एकत्र तक्त्यात शिरते आणि त्या केंद्राच्या बेरजा दुप्पट होतात.

आपल्या उदाहरणात `Ek` ची हेडिंग्ज अशी आहेत:

तारीख, सत्र, सभासद क्र., शेतकऱ्याचे नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम

आणि `Don` ची अशी:

दिनांक, वेळ, कोड, शेतकऱ्याचे नाव, वजन (किलो), फॅट, डिग्री, भाव, एकूण, कपात

पहिल्यात ९, दुसऱ्यात १०.

पायरी २: नाव सोडा, आतली माहिती बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फॉर्म्युला चुकला तर बहुधा सेलमध्येच चूक दाखवतो. चुकीची जुळणी मात्र गुपचूप बसते आणि बिलात निघते. म्हणून प्रत्येक जोडीसाठी हेडिंग वाचून थांबू नका, खालच्या चार-पाच ओळीही वाचा.

‘तारीख’ आणि ‘दिनांक’ ही सरळ जोडी आहे. तरी एक गोष्ट तपासा: दुसऱ्या केंद्राने तारीख ०५.०६.२०२५ अशी टिंबं देऊन लिहिली असेल, तर शीट तिला बहुधा तारीख न मानता साधी अक्षरं समजते. कोणत्याही रिकाम्या सेलमध्ये `=ISNUMBER(Don!A2)` लिहून बघा. `FALSE` आलं तर त्या कॉलममध्ये टिंबाच्या जागी तिरकी रेघ आणा आणि पुन्हा तपासा. दिवस आणि महिना उलटे तर झाले नाहीत ना, हे १३ किंवा त्यापुढच्या तारखेवर बघा. ५ जून आणि ६ मे यांतली अदलाबदल डोळ्यांना कळत नाही.

‘सत्र’ आणि ‘वेळ’ हीसुद्धा जोडी आहे. ‘वेळ’ म्हटल्यावर घड्याळातली वेळ असेल असं वाटतं, पण खाली ‘सकाळ’ आणि ‘सायंकाळ’ लिहिलेलं आहे. एकीकडे ‘सायंकाळ’ आणि दुसरीकडे ‘संध्याकाळ’ असेल तर कॉलम जोडा आणि नंतर शब्द बदलून एकसारखे करा. त्यासाठी कॉलम वेगळा ठेवायची गरज नाही.

‘सभासद क्र.’ आणि ‘कोड’ जोडता येतात, पण इथे एक खड्डा आहे. पहिल्या केंद्राचा १४ नंबर आणि दुसऱ्या केंद्राचा १४ नंबर हे दोन वेगळे शेतकरी आहेत. ओळी एकाखाली एक आल्या की दोघांचं दूध एकाच नंबरवर जमा होईल. यासाठी एकत्र तक्त्यात पहिलाच कॉलम ‘केंद्र’ असा ठेवणार आहोत. पुढे कुठलीही बेरीज किंवा गट करताना नेहमी केंद्र आणि क्रमांक या दोन्हींवर करायचा, नुसत्या क्रमांकावर नाही.

आता ‘रक्कम’ आणि ‘एकूण’. एकूण म्हणजे कपातीआधीचं की कपात जाऊन हातात पडणारं? हेडिंग हे सांगत नाही, एक ओळ घेऊन गणित केलं की कळतं. `Don` च्या एका ओळीत वजन १०.३ किलो, भाव ३२.००, कपात १५.०० आणि एकूण ३२९.६० आहे. १०.३ गुणिले ३२ म्हणजे ३२९.६०. म्हणजे एकूण हे कपातीआधीचं आहे आणि ते पहिल्या केंद्राच्या ‘रक्कम’शी जोडता येईल. तिथे ३१४.६० असतं तर ही जोडी करायची नव्हती. अशा तीन-चार ओळी तपासा, एकच नाही, कारण ज्या ओळीत कपात शून्य आहे ती दोन्ही अर्थांनी बरोबर येते.

पायरी ३: जे जुळतंय असं वाटतं पण जुळत नाही

‘लिटर’ आणि ‘वजन (किलो)’ दोन्ही दुधाचंच माप सांगतात, पण एककं वेगळी आहेत. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. हे दोन कॉलम तसेच जोडले तर दुसऱ्या केंद्राचं दूध कागदावर तीन टक्के वाढतं. दहा-बारा लिटर घालणाऱ्याच्या ओळीत हे नजरेला येत नाही, संस्थेच्या महिन्याच्या बेरजेत मात्र येतं.

भावाचंही तेच. दुसरं केंद्र किलोने मोजतं, म्हणजे त्याचा भाव किलोचा आहे आणि पहिल्याचा ‘दर’ लिटरचा.

यावर उपाय असा की जुळणीच्या शीटवर कसलीही आकडेमोड करायची नाही. `Don` शीटच्या शेवटी दोन नवे कॉलम जोडायचे. `K1` मध्ये ‘लिटर’ आणि `L1` मध्ये ‘दर’ असं हेडिंग द्या आणि खाली हे लिहून शेवटच्या ओळीपर्यंत ओढा:

```
K2:  =E2/1.03
L2:  =H2*1.03
```

आपल्या ओळीत १०.३ किलोचे १० लिटर होतात आणि ३२.०० चा भाव ३२.९६ होतो. गुणाकार पुन्हा ३२९.६०, म्हणजे रक्कम हलली नाही. रुपांतर बरोबर झालं की नाही याची हीच खूण आहे. १.०३ हा आकडा मात्र संस्था हिशेबात कोणता धरते ते विचारून घ्या आणि तोच वापरा.

आता `Don` मध्ये १२ कॉलम झाले. त्यातले ‘लिटर’ आणि ‘दर’ पहिल्याशी जुळतील आणि मूळचे ‘वजन (किलो)’ आणि ‘भाव’ जसेच्या तसे वेगळे राहतील. मूळ आकडा टाकून द्यायचा नाही. उद्या एखादा शेतकरी काट्याची पावती घेऊन आला तर तिच्यावर किलोच असणार.

दुसरी फसवी जोडी म्हणजे ‘एसएनएफ’ आणि ‘डिग्री’. दोन्हींवरून दुधाचा दर्जा कळतो, म्हणून जोडायचा मोह होतो. पण डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा, गाईच्या दुधाला तो बहुधा २६ ते ३० च्या आसपास असतो, आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, साडेआठच्या जवळपास. डिग्री आणि फॅट हाताशी असतील तर एसएनएफ काढता येतं, पण त्याचं सूत्र सगळीकडे एक नाही. डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर एक सूत्र असं चालतं: २८ भागिले ४, अधिक ०.२१ गुणिले ४, अधिक ०.३६. उत्तर ८.२०. दुसऱ्या सूत्रात ०.२१ च्या जागी ०.२५ आणि ०.३६ च्या जागी ०.४४ घेतात. उत्तर ८.४४. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरला जातो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला दर कमी होतो, तेव्हा ०.२४ चा हा फरक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून तक्ते जोडणाऱ्याने हे सूत्र स्वतःच्या मनाने निवडू नये. हे दोन कॉलम न जुळलेले म्हणूनच ठेवा. ज्यांना ठरवायचा अधिकार आहे ते ठरवतील.

पायरी ४: जुळणीची शीट

`Julni` च्या पहिल्या ओळीत ही हेडिंग्ज लिहा: `A1` मध्ये ‘अंतिम नाव’, `B1` मध्ये ‘पहिल्यात’, `C1` मध्ये ‘दुसऱ्यात’, `D1` मध्ये ‘पहिल्यात कितवा’, `E1` मध्ये ‘दुसऱ्यात कितवा’, `F1` मध्ये ‘स्थिती’, `G1` मध्ये ‘तक्त्यात दिसेल’.

मग उजवीकडे `H2` मध्ये हा फॉर्म्युला लिहून पंधरा-वीस ओळी खाली ओढा. `Don` ची सगळी हेडिंग्ज तिथे एकाखाली एक दिसतील. `I2` चा फॉर्म्युला त्यातलं प्रत्येक हेडिंग `C` कॉलममध्ये किती वेळा वापरलं ते मोजतो:

```
H2:  =INDEX(Don!$1:$1,ROW()-1)&""
I2:  =IF(H2="","",COUNTIF(C$2:C$40,H2))
```

`Ek` साठी असंच `K` आणि `L` कॉलममध्ये करा, फक्त `Don` च्या जागी `Ek`, `C` च्या जागी `B` आणि `H2` च्या जागी `K2`.

आता `B` आणि `C` भरायचे. इथे एक नियम पक्का पाळा: हेडिंग टाइप करू नका. `H` किंवा `K` मधला सेल कॉपी करा आणि `Ctrl+Shift+V` ने फक्त मजकूर चिकटवा. जुन्या एक्सेलमध्ये `Paste Special` मधलं `Values` वापरा.

कारण सांगतो. दुसऱ्या केंद्राच्या ‘फॅट’पुढे एक रिकामी जागा पडलेली आहे. पडद्यावर ती दिसत नाही, पण `=LEN(H7)` विचारलं तर ३ ऐवजी ४ येतं. याहून अवघड गोष्ट ‘शेतकऱ्याचे नाव’ची आहे. दोन्ही तक्त्यांत हे अगदी सारखं दिसतं. पण आपल्या लिपीत ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात आणि काही जुने कीबोर्ड साधा ‘र’ घेऊन त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. दिसायला फरक नाही, संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावं आहेत. `LEN` एकीकडे १४ देतो, दुसरीकडे १५. पाचवं अक्षर तपासलं की उलगडा होतो:

```
=UNICODE(MID(H5,5,1))
```

२३५३ आलं तर तो ‘ऱ’ आहे, २३५२ आलं तर साधा ‘र’. मराठी हेडिंग असलेल्या तक्त्यांत ‘नाव तर सारखंच आहे, मग जुळत का नाही’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. तुम्ही चिकटवलंत तर हेडिंग आहे त्याच अक्षरांनी `C` मध्ये येतं आणि प्रश्नच उरत नाही. मूळ हेडिंग दुरुस्त करण्यापेक्षा ही वाट बरी, कारण पुढच्या दहा दिवसांची फाइल तीच चूक घेऊन येणार आहे.

आधी `Ek` ची नऊही हेडिंग्ज `B2` ते `B10` मध्ये चिकटवा. मग प्रत्येकासमोर त्याची जोडी `C` मध्ये. जोडी नसेल तर `C` रिकामा. शेवटी `Don` ची उरलेली हेडिंग्ज `B` रिकामा ठेवून खाली `C11` पासून चिकटवा. `A` मध्ये अंतिम नाव तुम्हाला हवं ते लिहा, आणि एकक तिथेच लिहून टाका. पूर्ण झाल्यावर शीट अशी दिसेल:

| अंतिम नाव | पहिल्यात | दुसऱ्यात | स्थिती |
|---|---|---|---|
| तारीख | तारीख | दिनांक | जुळला |
| सत्र | सत्र | वेळ | जुळला |
| सभासद क्र. | सभासद क्र. | कोड | जुळला |
| शेतकऱ्याचे नाव | शेतकऱ्याचे नाव | शेतकऱ्याचे नाव | जुळला |
| दूध (लिटर) | लिटर | लिटर | जुळला |
| फॅट | फॅट | फॅट | जुळला |
| एसएनएफ | एसएनएफ | | फक्त पहिल्यात |
| दर (लिटरला) | दर | दर | जुळला |
| रक्कम | रक्कम | एकूण | जुळला |
| वजन (किलो) | | वजन (किलो) | फक्त दुसऱ्यात |
| डिग्री | | डिग्री | फक्त दुसऱ्यात |
| भाव (किलोला) | | भाव | फक्त दुसऱ्यात |
| कपात | | कपात | फक्त दुसऱ्यात |

‘स्थिती’ हाताने लिहायची नाही. हे चार फॉर्म्युले दुसऱ्या ओळीत लिहून खाली ओढा:

```
D2:  =IF(B2="","",IFERROR(MATCH(B2,Ek!$1:$1,0),"चूक"))
E2:  =IF(C2="","",IFERROR(MATCH(C2,Don!$1:$1,0),"चूक"))
F2:  =IF(AND(B2="",C2=""),"",IF(C2="","फक्त पहिल्यात",IF(B2="","फक्त दुसऱ्यात","जुळला")))
G2:  =IF(F2="","",IF(F2="जुळला",A2,A2&" ["&F2&"]"))
```

`D` आणि `E` मध्ये तो कॉलम आपापल्या तक्त्यात कितवा आहे ते येतं. ‘रक्कम’च्या ओळीत दोन्हीकडे ९ यायला हवं. ‘चूक’ आलं तर त्या नावाचं हेडिंग तक्त्यात सापडलं नाही, म्हणजे बहुधा ते टाइप केलेलं आहे.

पुढे जाण्याआधी `I` आणि `L` वर नजर टाका. प्रत्येक हेडिंगसमोर १ हवा. ० असेल तर तो कॉलम तुम्ही विसरलात आणि तो एकत्र तक्त्यात येणारच नाही. २ असेल तर एकच कॉलम दोन ठिकाणी जोडला गेला किंवा तक्त्यात एकाच नावाचे दोन कॉलम आहेत. दुसरी गोष्ट असेल तर मूळ शीटवर त्यातल्या एकाचं नाव बदला, कारण `MATCH` नेहमी पहिलाच सापडलेला कॉलम देतो आणि दुसरा कायमचा राहून जातो.

एक छोटं गणितही करा. पहिल्यात ९, दुसऱ्यात १२, जुळले ८. नऊ अधिक बारा वजा आठ म्हणजे १३. `Julni` मध्ये बरोबर १३ ओळी भरलेल्या हव्यात.

पायरी ५: एकत्र तक्ता

`Ekatra` शीटच्या `A1` मध्ये ‘केंद्र’ लिहा. `B1` मध्ये हा फॉर्म्युला लिहून तेरा कॉलम, म्हणजे `N` पर्यंत, उजवीकडे ओढा:

```
=INDEX(Julni!$G:$G,COLUMN())
```

इथे एक सोय आपोआप झाली आहे. `B` हा दुसरा कॉलम आणि `Julni` मधलं पहिलं नाव दुसऱ्या ओळीत. म्हणून कॉलमचा नंबर हाच जुळणीच्या ओळीचा नंबर ठरतो.

आता `B2` मध्ये हे लिहा, `N` पर्यंत उजवीकडे आणि `Ek` मध्ये हेडिंग सोडून जितक्या ओळी आहेत तितक्या खाली ओढा. `A` कॉलममध्ये या सगळ्या ओळींना ‘पहिलं’ लिहा:

```
=LET(k,INDEX(Julni!$D:$D,COLUMN()),
 v,IF(k="","नोंद नाही",INDEX(Ek!$A:$Z,ROW(),k)),
 IF(v="","",v))
```

दुसऱ्या केंद्राच्या ओळी याच्या लगेच खाली येणार, म्हणून पहिल्याच्या ओळी किती ते मोजून ठेवायला हवं. `Julni` च्या `J1` मध्ये:

```
=COUNTA(Ek!A:A)-1
```

मग `Ekatra` मध्ये पहिल्या रिकाम्या ओळीच्या `B` सेलपासून हा फॉर्म्युला, आणि `A` मध्ये ‘दुसरं’:

```
=LET(k,INDEX(Julni!$E:$E,COLUMN()),
 v,IF(k="","नोंद नाही",INDEX(Don!$A:$Z,ROW()-Julni!$J$1,k)),
 IF(v="","",v))
```

शेवटची `IF(v="","",v)` काढून टाकू नका. एक्सेलमध्ये मूळ सेल रिकामा असेल तर `INDEX` तिथे ० दाखवतो, आणि ज्या शेतकऱ्याचं फॅट लिहायचं राहिलं त्याचं फॅट शून्य दिसू लागतं. `LET` नसलेल्या एक्सेलमध्ये `k` च्या जागी त्याचा `INDEX` आणि `v` च्या जागी त्याचा `IF` पूर्ण लिहून हेच काम होतं. फॉर्म्युला लांबतो, पण उत्तर तेच येतं.

‘नोंद नाही’ हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. रिकामा सेल म्हणजे माहिती होती पण भरली नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे त्या केंद्रात हा कॉलमच नव्हता. शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य निघालं. पहिल्या केंद्राच्या ओळींत कपातीखाली ० घातलं, तर सरासरी कपात काढताना ती सगळी शून्यं हिशेबात येतील आणि सरासरी खोटी खाली येईल. `SUM` आणि `AVERAGE` अक्षरं वगळतात, त्यामुळे ‘नोंद नाही’ने त्यांचं काही बिघडत नाही. थेट अधिक-वजा करणारा फॉर्म्युला मात्र `#VALUE!` देईल. ते चांगलंच आहे, कारण तिथे नसलेला आकडा कुणीतरी वजा करायला निघालं आहे.

न जुळलेल्या कॉलमच्या हेडिंगला आपोआप चौकटी कंसात खूण आली आहे, उदाहरणार्थ ‘कपात [फक्त दुसऱ्यात]’. रंगही द्यायचा असेल तर जरूर द्या, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. फाइल `CSV` मध्ये सेव्ह केली की रंग जातो, अक्षरं राहतात. हेडिंगच्या वर वेगळी ओळ घालून तिथे खुणा लिहिण्याचीही पद्धत दिसते. मला ती पटत नाही, कारण फिल्टर आणि पिव्होट दोन्ही त्या ओळीला हेडिंग समजून बसतात.

पायरी ६: पडताळा

तीन तपासण्या पुरतात. पहिली, ओळींची: `Ekatra` च्या ओळी दोन्ही तक्त्यांच्या ओळींच्या बेरजेइतक्या हव्यात. दुसरी, रकमेची:

```
=ROUND(SUM(Ek!I:I)+SUM(Don!I:I)-SUM(Ekatra!J:J),2)
```

उत्तर ० यायला हवं. पण ही तपासणी एका बाबतीत आंधळी आहे. एखाद्या रकमेपुढे ‘रु.’ लिहिलेलं असेल तर ती अक्षरं ठरते, `SUM` तिला दोन्ही बाजूंना सोडून देतो आणि फरक शून्यच दिसतो. म्हणून तिसरी तपासणी: `=COUNT(Ekatra!J:J)` हा फक्त खरे आकडे मोजतो. तो ओळींच्या संख्येपेक्षा कमी आला तर जितका कमी तितक्या ओळींत आकड्याऐवजी अक्षरं आहेत किंवा सेल रिकामे आहेत. फिल्टर लावून त्या ओळी शोधा आणि `Ek` किंवा `Don` मध्ये दुरुस्त करा, `Ekatra` मध्ये नाही.

तक्ता पुढे पाठवण्याआधी

`Ekatra` ला थेट सॉर्ट लावू नका. प्रत्येक फॉर्म्युला आपल्या ओळीचा नंबर बघून माहिती आणतो, त्यामुळे सॉर्ट केल्यावर ओळी हव्या त्या क्रमाने लागत नाहीत, आणि दोन केंद्रांच्या ओळी एकमेकांत मिसळल्या तर पहिल्याचे खाली गेलेले फॉर्म्युले रिकामे दिसतात आणि दुसऱ्याचे वर गेलेले चूक दाखवतात. संपूर्ण तक्ता कॉपी करून नव्या शीटवर `Ctrl+Shift+V` ने चिकटवा आणि सॉर्ट, फिल्टर, पिव्होट सगळं तिथे करा. तारखेच्या कॉलममध्ये ४५-४६ हजारांच्या घरातले आकडे दिसले तर घाबरू नका, त्या कॉलमला तारखेचं स्वरूप द्या.

पुढच्या दहा दिवसांची फाइल आली की `Ek` मध्ये `A` ते `I` आणि `Don` मध्ये `A` ते `J` हे कॉलम आधी रिकामे करून नवी माहिती चिकटवा. `Don` च्या `K` आणि `L` मधले लिटर आणि दराचे फॉर्म्युले राहू द्या, ओळी वाढल्या असतील तर खाली ओढा. दुसऱ्या केंद्राच्या नव्या फाइलमध्ये दहापेक्षा जास्त कॉलम असतील तर चिकटवण्याआधी `K` च्या डावीकडे तितके जास्तीचे रिकामे कॉलम घाला, नाहीतर हे फॉर्म्युले पुसले जातील. `Ek` च्या ओळी वाढल्या किंवा घटल्या असतील तर `Ekatra` मधल्या दोन्ही भागांची सीमा हलवावी लागेल. पहिल्या भागाचा फॉर्म्युला `J1` मधल्या आकड्याइतक्या ओळींना, त्याखाली दुसऱ्या भागाचा.

मग आकडे बघण्याआधी `Julni` उघडा. दुसऱ्या केंद्राने ‘भाव’चं ‘दर/किलो’ केलं असेल तर `E` मध्ये ‘चूक’ दिसेल आणि `I` मध्ये नव्या नावासमोर ०. `H` मधून नवं नाव उचलून `C` मध्ये जुन्याच्या जागी चिकटवा. नुसतं ०, आणि ‘चूक’ कुठेच नाही, असं दिसलं तर तो खरोखरच नवा कॉलम आहे. तसा कॉलम मधेच आला असेल तर लिटर आणि दराच्या फॉर्म्युल्यांतले `E` आणि `H` अजूनही वजनाकडे आणि भावाकडेच बघताहेत ना, हे आधी तपासा. त्यानंतर पायरी २ प्रमाणे त्याच्या चार-पाच ओळी वाचा, जोडी आहे का ठरवा, नसेल तर `Julni` च्या तळाशी चौदाव्या नावाची ओळ घाला आणि `Ekatra` चे फॉर्म्युले एक कॉलम उजवीकडे ओढा.